ब्राँझ, पितळ, तांबे की भाजलेली माती? फोटोवरून मूर्ती ओळखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नुसत्या फोटोवरून मूर्ती कशाची आहे हे खरेच सांगता येते का?

काही अंशी येते, आणि हा अंश प्रश्नाप्रमाणे बदलतो. मूर्ती मातीची की धातूची, हे बरा फोटो असेल तर जवळपास नेहमीच सांगता येते. धातूची असेल तर ती ओतीव आहे की पत्रा ठोकून केलेली, हेही बहुतेक वेळा कळते. शुद्ध तांबे आहे की तांब्यात दुसरे काही मिसळले आहे, इथपर्यंत अंदाज ठीक चालतो. ब्राँझ की पितळ, या शेवटच्या पायरीवर मात्र फोटो अडखळतो. तिथे "बहुधा" हा शब्द लावूनच बोलावे लागते.

म्हणून प्रश्न याच क्रमाने सोडवावेत. बहुतेक लोक उलटे करतात. फोटो बघताच "हे ब्राँझ आहे का?" असे विचारतात, आणि उत्तर रंगात शोधू लागतात.

पण रंग बघूनच कळत नाही का? तांबे लाल, पितळ पिवळे, ब्राँझ तपकिरी.

शाळेत शिकवायला हे ठीक आहे. यातले तिसरे वाक्य तर सरळ चुकीचे आहे. ब्राँझ तपकिरी नसते, त्यावर चढलेला थर तपकिरी असतो. तांब्यात आठ-दहा टक्के कथील मिसळून केलेले ब्राँझ घासून लख्ख केले, तर ते किंचित तांबूस झाक असलेल्या सोन्यासारखे पिवळे दिसते. उलट पितळेची मूर्ती वीस-तीस वर्षे न घासता माळ्यावर पडून राहिली, की ती चांगली तपकिरी-काळपट होते. तुम्ही तिला बेलाशक ब्राँझ म्हणाल.

शिवाय धातूचा रंग मिश्रणाच्या प्रमाणाबरोबर हळूहळू सरकतो. तांब्यात पाच-दहा टक्के जस्त असेल तर पितळही तांबूसच दिसते. तीस टक्क्यांच्या आसपास ते आपल्या ओळखीचे पिवळे होते. कथील वीस टक्क्यांच्या पुढे गेले, म्हणजे ताटवाट्यांच्या कांशाइतके झाले, की रंग फिकट आणि पांढुरका होत जातो. या सगळ्यावर फोनचा कॅमेरा आपल्या मनाने रंग बदलतो. देवघरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत तांबे पितळेसारखे आणि माती तांब्यासारखी दिसू शकते.

तेव्हा रंगाकडे बघण्याआधी फोटोत एखादी नक्की पांढरी असलेली गोष्ट शोधा: भिंत, कागद, सुती कापड. ती पिवळट दिसत असेल तर मूर्तीचा पिवळेपणाही तेवढाच उधारीचा आहे. फोटोत पांढरे काहीच नसेल, तर रंगाचा पुरावा बाजूला ठेवून पुढे जावे.

माती की धातू, हे कशावरून ठरवायचे?

सगळ्यात आधी चमक बघा. मूर्तीच्या गालावर, खांद्यावर, गुडघ्यावर दिव्याचा ठिपका पडलेला असतो. उघड्या धातूवर हा ठिपका धातूचाच रंग घेतो: तांब्यावर लालसर, पितळेवर पिवळा. मातीवर वॉर्निश असेल तरी ठिपका पांढरा पडतो, कारण तो वॉर्निशवरून परावर्तित झालेला असतो. वॉर्निश नसेल तर नेमका ठिपका पडतच नाही, नुसता मंद उजेड पसरतो. मात्र ही खूण एकाच दिशेने चालते. रंगीत ठिपका दिसला तर बहुतेक उघडा धातू आहे. पांढरा दिसला तर माती असेल, किंवा मेण वा लाखेचा हात दिलेला धातूही असेल.

दुसरी जागा म्हणजे कडा आणि टवके. धातूला मार लागला तर तो दबतो, वाकतो, ओरखडतो. माती तुटते, आणि तुटलेल्या जागी खरखरीत, मंद पृष्ठभाग दिसतो. कधी बाहेर लाल आणि आत करडा असा गाभाही दिसतो, कारण भाजताना आतपर्यंत पुरेशी हवा पोचलेली नसते. मातीवरचे काळे ढगासारखे डागही भट्टीतलेच असतात. भट्टीत हवा भरपूर मिळाली तर माती लाल होते, कोंडली तर काळी. त्यामुळे काळी मूर्ती दिसली म्हणून ती धातूची ठरत नाही.

तिसरी खूण साच्याची. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथे सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती सापडल्या आहेत. तिथल्या अनेक मूर्ती पांढुरक्या केओलिन मातीच्या आहेत, पुढचा आणि मागचा असे दोन साचे वापरून पोकळ केलेल्या. दोन्ही भाग जिथे चिकटवले तिथे बाजूने, कानाजवळून खाली, एक सांधा जातो. मातीच्या सांध्यावर बोटाने किंवा ओल्या फडक्याने दाबल्याचा मऊपणा दिसतो. धातूच्या सांध्यावर कानशीचे सरळ ओरखडे दिसतात. फोटो मोठा करून बघितला तर हा फरक बऱ्यापैकी ठळक असतो.

आणि हो, बाजारात ब्राँझचा रंग मारलेल्या मातीच्या आणि राळेच्या मूर्ती भरपूर आहेत. त्यांचा रंग खोलगट भागात साचून जाड झालेला असतो, आणि कोपऱ्यावर टवका उडालेला असेल तिथे खालचा विटकरी किंवा पांढरा रंग डोकावतो.

तांब्याची मूर्ती कशी ओळखावी?

इथे ओतकामाच्या खुणांचा खरा उपयोग होतो. शुद्ध तांबे ओतायला त्रासदायक. ते साधारण 1085 अंश सेल्सिअसला वितळते, घट्टसर वाहते, वितळलेले असताना वायू शोषून घेते आणि थिजताना ते सोडते, त्यामुळे आत बुडबुडे राहतात. कथील किंवा जस्त घातले की ते कमी तापमानाला वितळते आणि साच्याच्या बारीक रेषांत नीट शिरते. म्हणून बारीक दागिने, सुटी बोटे, नाजूक प्रभावळ असलेली ओतीव मूर्ती दिसली तर शुद्ध तांब्याची शक्यता कमी धरावी.

तांबे ठोकायला मात्र उत्तम. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतली मठारकाम केलेली भांडी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सांगायला नको. तिथल्या हातोडीच्या ठोक्यांचे गोल, एकसारखे ठसे एकदा डोळ्यांत बसले की फोटोतही लगेच ओळखू येतात. पत्र्याच्या मूर्तीवर असे ठोके, पातळ दुमडलेली कड, डाक दिलेली रेघ किंवा रिव्हेटच्या ओळी दिसतात. पुढे उठाव तिथे मागे खळगा असतो. जगातले सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. 1886 मध्ये उभा राहिलेला हा पुतळा अडीच मिलिमीटरहूनही किंचित पातळ तांब्याच्या पत्र्याचा आहे. जवळून घेतलेल्या फोटोत पत्र्यांचे सांधे स्पष्ट दिसतात.

अपवाद आहेत, आणि मोठे आहेत. बिहारमधल्या सुलतानगंजला 1860च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेच्या कामात सापडलेली, सुमारे 2.3 मीटर उंचीची बुद्धमूर्ती ओतीव आहे आणि जवळजवळ शुद्ध तांब्याची आहे. ती आता बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. नेपाळमधल्या नेवार कारागिरांनीही तांब्यातच मूर्ती ओतल्या, आणि त्यांवर पाऱ्याच्या साहाय्याने सोन्याचा मुलामा चढवला. अशा मूर्तीच्या नाकावर, गुडघ्यावर सोने झिजून खालचा गडद लाल धातू उघडा पडलेला दिसला, तर तो तांब्याचा चांगला पुरावा आहे. तुलनेसाठी काश्मीरच्या जुन्या मूर्ती बघा. त्या बहुतांशी पितळेच्या, आणि डोळ्यांत पुष्कळदा चांदी बसवलेली.

आमची पितळी मूर्ती फोटोत गुलाबी दिसते. ती तांब्याची आहे का?

बहुधा नाही. चिंच, लिंबू-मीठ किंवा आंबट ताक लावून घासणे हे त्याचे कारण. आंबटाने पितळेतले जस्त पृष्ठभागावरून आधी निघून जाते आणि मागे तांब्याचा पातळ थर राहतो. घासून झाल्यावर नीट धुतले-पुसले नाही तर तो गुलाबीपणा ठिपक्यांसारखा, ओघळांसारखा राहतो, विशेषतः मांडीच्या खोबणीत किंवा आसनाच्या कडेला. तांब्याच्या मूर्तीचा लालपणा सगळीकडे सारखा असतो. पिवळ्या अंगावर गुलाबी चकंदळे दिसली तर पितळच समजावे. मला स्वतःला ही पितळेची सगळ्यात विश्वासू खूण वाटते, कारण ब्राँझवर ती अशी दिसत नाही.

ब्राँझ आणि पितळ यांतला फरक फोटोत कुठे शोधायचा?

दोन जागी. एक, जिथे धातू रोजच्या स्पर्शाने झिजून उघडा पडतो: नाक, गुडघे, पायाची बोटे, पीठाची कड. दुसरी, जिथे घासणाऱ्याचे बोट पोचत नाही: कानामागे, काखेत, मुकुटाच्या मागे. पहिल्या जागी धातूचा रंग दिसतो, दुसऱ्या जागी थराचा. फोटोत या दोन्ही जागा नसतील तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

उघड्या जागी लिंबाकडे झुकणारा, थोडा हिरवट पिवळा दिसला तर पितळ. तांबूस-सोनेरी दिसला तर ब्राँझ किंवा कमी जस्ताचे पितळ, आणि या दोघांत फोटो न्याय करू शकत नाही. लिंबासारखा पिवळा रंग वयाबद्दलही थोडे सांगतो. जुन्या पद्धतीत तांब्याबरोबर जस्ताचे खनिज आणि कोळसा मुशीत तापवून पितळ करत. त्या मार्गाने जस्ताचे प्रमाण साधारण 28 टक्क्यांच्या फारसे पुढे जात नसे. राजस्थानातल्या झावरसारख्या ठिकाणी जस्ताची वाफ थंड करून धातू वेगळा काढता येऊ लागला, तेव्हा हवे तेवढे जस्त मिसळणे शक्य झाले. त्यामुळे "हजार वर्षांपूर्वीचे ब्राँझ" म्हणून दाखवलेली वस्तू झिजल्या जागी भडक लिंबूपिवळी असेल तर तिच्या वयावर शंका घ्यायला जागा आहे.

खोलगट जागी पितळेचा थर बहुतेकदा मळकट, शेवाळी-तपकिरी असतो. ब्राँझवर तो गडद तपकिरी ते काळा आणि जास्त घट्ट, गुळगुळीत बसतो. पण तेल, धूर, चंदन, दूध आणि पॉलिश यांचे थर जिथे शतकभर चढले आहेत, तिथे ही रेषा पुसली जाते.

याशिवाय प्रदेशाचा आधार घ्यावा. चोळ काळातल्या तमिळ उत्सवमूर्ती ब्राँझच्या आणि भरीव ओतलेल्या असतात. पश्चिम भारतातल्या मध्ययुगीन जैन मूर्ती पुष्कळदा पितळेच्या, मागे संवत असलेला लेख आणि डोळ्यांत किंवा आसनावर चांदी-तांब्याचे जडावकाम. बस्तरचे ढोकरा काम आज मुख्यतः पितळेचेच. शैली ओळखता आली, की धातूबद्दलचा अर्धा अंदाज आपोआप होतो.

हिरवा रंग म्हणजे मूर्ती जुनी, असे समजावे का?

नाही. हिरवे जंगाल तांबे, पितळ, ब्राँझ तिन्हींवर येते, कारण तिन्हींत तांबे आहे. म्हणून हिरव्यावरून माती नाही एवढेच कळते, आणि रंगवलेल्या मातीबाबत तेही नाही.

हिरवे कुठे बसले आहे, ते बघावे. जमिनीत राहिलेल्या धातूवर थर एकावर एक चढतात: धातूला लागून लालसर तपकिरी, त्यावर हिरवा, कधी निळ्याचे पुंजके, आणि त्यात अडकलेली माती. टवका उडालेल्या जागी हिरव्याखाली लाल रेघ दिसली तर ती चांगली खूण. उघड्यावरच्या पुतळ्यावर पाऊस वाहतो तिथे फिकट हिरवे ओघळ येतात, आणि हनुवटीखाली, बाहीच्या आत काळे राहते. हे ओघळ पावसाच्या वाटेने वरून खालीच गेलेले असतात.

रसायन लावून आणलेला हिरवा मात्र उंच-सखल भाग बघत नाही. नाकाच्या शेंड्यावरही तितकाच, कानाच्या खोबणीतही तितकाच. शिवाय तो निळसर, पिठूळ आणि खाली पिवळ्या चकचकीत धातूवर थेट बसलेला, मध्ये लाल थरच नाही.

एक वेगळी गोष्ट लक्षात असू द्या. काळपट मूर्तीवर सुईच्या टोकाएवढ्या खड्ड्यांत फिकट हिरवी पूड दिसत असेल, आणि पुसल्यावर पुन्हा येत असेल, तर तो क्लोराइडमुळे आतून चालू असलेला गंज आहे. दमट हवेत तो वाढतो. त्याला घासू नये, कोरड्या जागी ठेवून जाणकाराला दाखवावे.

ओतकामाच्या खुणा नेमक्या कोणत्या?

मेण वितळवून ओतलेल्या मूर्तीत हात अंगापासून सुटे असतात, बोटांमधून उजेड दिसतो, वस्त्राच्या चुण्या आत वळतात. मेणाचा नमुना मातीत लपेटून वितळवला जातो आणि साचा फोडूनच मूर्ती बाहेर काढतात, त्यामुळे साचा दोन भागांत उघडण्याचा प्रश्नच येत नाही. सांधा नसतो. धातू आत जाण्याच्या नळ्या जिथे कापल्या, तिथे पीठाखाली किंवा मागे सपाट कापलेले गोल ठसे राहतात. पोकळ मूर्तीत आतला मातीचा गाभा जागेवर धरणाऱ्या खिळ्यांची लहान चौकोनी भोके किंवा बुजवलेली ठिगळे दिसू शकतात. ढोकऱ्यात मेणाच्या दोऱ्या गुंडाळल्याचे वेटोळे थेट धातूत उतरलेले असतात, त्यामुळे ते ओळखायला सगळ्यात सोपे.

वाळूच्या साच्यात ओतलेली मूर्ती दोन अर्ध्यांतून बाहेर पडते. म्हणून दोन्ही कुशींवरून एक रेघ जाते, हात आणि कंबर यांच्यामधली जागा धातूने भरलेली राहते, आणि पीठाच्या आतला भाग खरखरीत, रवाळ दिसतो. आज बाजारात मिळणाऱ्या लहान देवमूर्तींपैकी पुष्कळशा अशाच, पितळेच्या.

या खुणा पद्धत सांगतात, धातू थेट सांगत नाहीत. पद्धत, प्रदेश आणि झिजल्या जागेचा रंग तिन्ही एका बाजूला झुकत असतील तरच निष्कर्ष काढावा.

एखादे उदाहरण घेऊन सांगाल का?

विक्रीच्या फोटोंत नेहमी दिसणारा नमुना घेऊ. चार बोटे उंचीची अन्नपूर्णा, मांडीवर आडवी पळी, खाली लिहिलेले: "जुनी ब्राँझ मूर्ती, शंभर वर्षांपूर्वीची." फोटो तीन: समोरून, बाजूने, तळाचा.

समोरून नाक-डोळे जवळपास पुसले गेले आहेत आणि तिथला धातू स्वच्छ पिवळा आहे. चमकेचा ठिपकाही पिवळा, म्हणजे धातू उघडा आहे. फोटोतला पाट पांढऱ्या रंगाचा आणि पांढराच दिसतो, म्हणून पिवळ्यावर विश्वास ठेवता येतो. मांडीच्या खोबणीत गुलाबी छटा. इथेच एक सापळा आहे. गळ्यापाशी लाल काहीतरी साचले आहे, आणि विकणारा त्याला "जुना लाल थर" म्हणतो. मोठे करून बघितले तर तो भुरभुरीत आहे आणि पुढच्या बाजूलाच आहे. ते कुंकू. धातूचा लाल थर असा भुरभुरीत नसतो आणि फक्त पूजेच्या जागी येत नाही.

बाजूने बघता कानापासून खांद्यावरून आसनापर्यंत रेघ जाते, तिच्यावर कानशीचे आडवे ओरखडे. हात आणि कंबर यांमध्ये उजेड नाही. तळ पोकळ, रवाळ. म्हणजे वाळूच्या साच्यातले पितळ, आणि गुलाबी छटा त्याला दुजोरा देते. ब्राँझ हा दावा टिकत नाही.

वयाचे काय? चेहरा झिजलेला आहे, पण रोजचे स्नान आणि घासणे चालू असेल तर पितळेचे नाक पुसट व्हायला शंभर वर्षे लागत नाहीत. आसनाची खालची कड आणि पळीचे टोकही तितकेच गोलावले आहे का, ते बघावे. चेहराच तेवढा गुळगुळीत आणि बाकी कडा तीक्ष्ण असतील, तर तो चेहरा यंत्रावर घासलेला असण्याची शक्यता आहे.

पंचधातूची मूर्ती फोटोत ओळखता येते का?

नाही. तमिळनाडूतल्या स्वामीमलैसारख्या ठिकाणी पंचलोह मूर्तींत तांबे, पितळ आणि शिसे हेच मुख्य असतात. सोने-चांदी घातलेच तर नाममात्र. एवढ्याशा सोन्याने रंग बदलत नाही. "पंचधातू असल्यामुळे असा झळकतो" हे विक्रीचे बोलणे आहे.

वजन कळले तर उपयोग होतो का?

माती ओळखायला होतो, कारण ती धातूच्या साधारण पावपटच जड असते. पितळ, ब्राँझ आणि तांबे यांच्या घनतेत मात्र फरक इतका कमी आहे की आत गाभा आहे की पोकळी, यानेच हिशेब बिघडतो.

फोटो मागवायचे तर कोणते मागवावेत?

दिवसा, सावलीत, फ्लॅश बंद ठेवून, मूर्तीशेजारी पांढरा कागद आणि पट्टी ठेवून काढलेले. समोर, मागे, दोन्ही कुशी आणि तळ. सोबत एक झिजलेल्या जागेचा जवळून आणि एक खोबणीचा जवळून. शक्य असेल तर एक फोटो खिडकीचा उजेड बाजूने तिरका पडेल असा, कारण सांधे, कानशीचे ओरखडे आणि हातोडीचे ठोके तिरक्या उजेडातच उठून दिसतात. फिल्टर आणि "ब्युटी" बंद. विकणारा तळाचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर मी तिथेच थांबतो.

मग संग्रहालये "ब्राँझ" असे ठामपणे कसे लिहितात?

नेहमी ठामपणे लिहीत नाहीत. अनेक संग्रहालये आता तपासणी झालेली नसेल तर "ताम्रमिश्रधातू" एवढेच लिहितात. जुने नाव मात्र चिकटून राहते, आणि त्याचे आपल्या जवळचे उदाहरण दायमाबादचे आहे.

1974 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, झाडाचे मूळ खणताना चार मूर्ती मिळाल्या: बैलजोडीचा रथ आणि त्यावर उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्या भरीव ओतलेल्या आहेत, हे चांगल्या फोटोत दिसते. जनावरांच्या पायांखालच्या पट्ट्या, चाके, गडद पृष्ठभाग, कुठेही पत्र्याचा सांधा नाही. फोटोवरून कोणीही "ब्राँझ" म्हणेल, आणि सगळे तसेच म्हणतात. रासायनिक तपासणीत मात्र त्यांत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक निघाले. आर्सेनिकानेही तांबे कठीण होते आणि ओतायला सोपे जाते. त्याच आकड्यावरून पुढे या मूर्तींच्या काळाबद्दल विद्वानांत वादही झाला. तो आर्सेनिक कोणत्याही फोटोत दिसत नाही. त्यासाठी क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणारे उपकरण लागते, आणि तेही वरचा गंजाचा थर मोजते की आतला धातू, हे तपासणाऱ्याला आधी ठरवावे लागते.